५०० च्या बिलावर १० टक्के सूट ठेवली, तरी सरासरी बिल हलेना. काय चुकतंय?

उखळ_मुसळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझी जाऊ मिळून कराडात एक छोटं दुकान चालवतो. कांदा-लसूण मसाला, भाजणी, मेतकूट, चटण्या, पापड, लोणची. बहुतेक माल आमच्याच हातचा, पापड तेवढे गावातल्या बायकांकडून करून घेतो. दिवसाला चाळीसेक बिलं होतात आणि सरासरी बिल २१२ रुपये. शंभराच्या मालात साधारण तीस रुपये सुटतात, त्यातूनच भाडं, वीज आणि एका मुलीचा पगार.

गिऱ्हाईक वाढवणं हातात नाही, गल्ली तेवढीच आहे. म्हणून आलेल्या माणसाने थोडं जास्त न्यावं असं वाटतं. दोन महिन्यांपूर्वी '५०० च्या खरेदीवर १० टक्के सूट' अशी पाटी लावली. सरासरी २१२ चीच राहिली. त्यात परवा गंमत झाली. एका बाईंचं बिल ४६८ झालं. त्यांनी पाटी बघितली आणि ४५ चं मेतकूट उचललं. ५१३ झाले, सूट वजा जाता ४६२. म्हणजे मेतकूटही गेलं आणि वर सहा रुपयेही गेले! जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

आता तीन प्रश्न. सूट ३०० वर आणू का? दोन-तीन वस्तूंचे कॉम्बो बांधू का? आणि १४० चं १३९, १०० चं ९९ असं केल्याने खरंच फरक पडतो का?

फिरस्ता
मेतकूट वर सहा रुपये कॅशबॅक. पत्ता टाका ताई, आलोच.

डिजिटल_दादा
ताई, सोपं आहे. सूट कुठून सुरू करायची याचा ठरलेला हिशेब असतो, सरासरी बिलाच्या तीस टक्के वर. तुमचं २१२ म्हणजे २७५ येतात, ३०० धरा. ५०० फार लांब होतं, म्हणून कोणी उडी मारली नाही. ३०० वर १० टक्के, ६०० वर १५, १००० वर २०, अशा पायऱ्या करा. लोक पायरीजवळ आले की आपोआप पुढची चढतात. माझ्या तीन क्लायंटचं यावरच चाललंय.

निवृत्त_कारकून
सगळ्या दुकानदारांची हीच बोंब. आधी भाव चढवायचे, मग सूट द्यायची. परवा मॉलमध्ये 'दोनावर एक फुकट' म्हणून बनियन घेतले, एका धुण्यात तिन्ही सैल. आम्हा ग्राहकांचं कोण बघणार?

उखळ_मुसळ
काका, मी बनियन नाही विकत. :)

वजनकाटा
डिजिटल_दादा, पायऱ्यांची कल्पना बरोबर, पण पाय कुठे ठेवताय ते बघा. किराणा साखळीत खरेदी विभागात माझी पंधरा वर्षं गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताईंना शंभरात तीस सुटतात. २४० चं बिल झालं तर ७२ रुपये हातात. तेच गिऱ्हाईक तुमच्या पाटीमुळे ३०० पर्यंत गेलं, की सूट जाऊन २७० येणार. माल २१० चा. उरले ६०. म्हणजे योजना 'चालली', गिऱ्हाईकाने साठ रुपयांचा माल जास्त नेला, आणि ताईंचे बारा रुपये कमी झाले. पूर्ण बिलावर दहा टक्के म्हणजे तुमच्या नफ्याचा तिसरा हिस्सा, हे आधी भिंतीवर लिहून ठेवा. पन्नास टक्के सुटणाऱ्या धंद्यात हे खपतं, मसाल्यात नाही.

दुसरं म्हणजे सरासरीवर जाऊ नका, सरासरी फसवते. ताई, मागची दोनशे बिलं काढा आणि गठ्ठे पाडा. शंभरच्या आत किती, शंभर ते दीडशे किती, असे. मग बोलू.

टॅली_ताई
कॉम्बो करताना एक लक्षात घ्या. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधल्या की जीएसटी १८ टक्के लागतो. माझ्या एका पार्टीला दिवाळीच्या हॅम्परवर भरावा लागला होता.

साडीवाला
माझा अनुभव सांगतो. इचलकरंजीत साड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी '३००० च्या खरेदीवर फॉल-पिको फुकट' असं लावलं. महिन्याने बघतो तर सरासरी बिल भरपूर वाढलेलं. मी खूश, पेढे वाटायच्या बेतात. मग गल्ला बघितला तर तेवढाच! शोधता शोधता कळलं की आधी दोघी जावा यायच्या आणि दोन बिलं करायच्या, आता एकाच्याच नावावर करतात. बिलं कमी झाली, म्हणून सरासरी वाढली. माल तेवढाच गेला आणि फॉल-पिकोची मजुरी माझ्या अंगावर. तेव्हापासून सरासरीच्या शेजारी बिलांची संख्याही लिहितो.

आणि फुकट फॉलमुळे आमच्या पिकोवाल्या मावशी वैतागल्या ते वेगळंच. एकेका दिवसात बावीस साड्या. 'तुमच्या पाटीचं दुखणं माझ्या मानेला' म्हणाल्या.

शेजारीण
मावशींचं वाक्य फ्रेम करण्यासारखं आहे.

उखळ_मुसळ
वजनकाटा, रात्री जाऊ आणि मी बसलो बिलबुकं घेऊन. मागची दोनशे बिलं, म्हणजे पाच दिवसांची:

शंभरच्या आत ३८
१०० ते १५० मध्ये ५१
१५० ते २०० मध्ये ४७
२०० ते २५० मध्ये २९
२५० ते ३०० मध्ये १४
३०० ते ५०० मध्ये १२
५०० च्या वर ९

एकूण ४२,३६५ रुपये. त्यातली नऊ बिलंच १०,१७० ची! ही मंडळी कोण ते मला तोंडपाठ आहे. पुण्या-मुंबईला परत जाणारी, वर्षाचा मसाला नेणारी.

वजनकाटा
बघा, इथेच सगळं उघडं पडलं. ती नऊ बाजूला ठेवली तर उरलेल्या १९१ बिलांची सरासरी १६९ येते. तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक २१२ चं नाहीच, ते दीडशे-पावणेदोनशेचं आहे. त्याला ५०० ची पाटी म्हणजे दुसऱ्या गावची पाटी.

आणि ही सूट घेतली कोणी? त्या नऊ जणांनी. त्यांना वर्षाचा मसाला न्यायचाच होता. पाच दिवसांत त्यांच्या खिशात १,०१७ रुपये तुम्ही आपण होऊन घातले. दोन महिन्यांत दहा-बारा हजार.

उखळ_मुसळ
दहा-बारा हजार वाचून जाऊबाई उठून पाणी प्यायला गेल्या. पाटी आत्ताच काढली.

डिजिटल_दादा
ठीक आहे, मार्जिनचं मी धरलं नव्हतं, मान्य. माझे क्लायंट कपडे आणि कॉस्मेटिक्सवाले आहेत. मग सूट नको, वस्तू फुकट द्या. २५० वर मेतकुटाची छोटी पुडी. पुडीवर किंमत २५ असेल, ताईंना पडते किती? चौदा-पंधरा? गिऱ्हाईकाला पंचवीस दिसतात, जातात चौदा.

वजनकाटा
दिशा बरोबर, पण आकडे मांडून बघू. १९० चा माणूस २५५ पर्यंत आला तर ६५ चा माल जास्त गेला, त्यात साडेएकोणीस सुटले. त्यातून पुडीचे १४ गेले. हातात साडेपाच. आता दुसरी बाजू. २५० च्या वर आधीच जाणारी ३५ बिलं आहेत. त्यांना पुडी बसल्याजागी मिळणार, ३५ गुणिले १४ म्हणजे ४९०. हे भरून काढायला तुम्हाला दीडशे ते अडीचशेमधली नव्वद बिलं वर उचलावी लागतील, आणि त्या गठ्ठ्यात आहेतच मुळी ७६! सगळेच्या सगळे आले तरी तोटा.

म्हणून पुडी स्वस्त हवी. पाच रुपयांत पडणारी. वीस ग्रॅमचा नमुना, तोही फारसा न खपणाऱ्या पण चांगल्या वस्तूचा. मग त्या ३५ जणांचे १७५ जातात आणि वर चढलेल्या प्रत्येक बिलामागे साडेचौदा मिळतात. तेरा बिलं चढली की बरोबरी. ७६ मधून तेरा चढणं अशक्य नाही. शिवाय नमुना आवडला तर पुढच्या वेळी पाकीट जातं, ते वेगळं.

गोष्ट इतकीच आहे ताई, की कोणतीही योजना लावायच्या आधी 'जे तसेही घेणारच होते त्यांना मी काय देतेय' हा खर्च पहिला लिहायचा. बाकी सगळं त्याच्या खाली.

फिरस्ता
वजनकाटा सर, तुम्ही आमच्या सोसायटीचे खजिनदार व्हाल का?

ठाकुर्लीकर
मला मूळ मुद्दाच पटत नाही. शेजारच्या दुकानात काही मिळत नाही म्हणून लोक ताईंकडे येत नाहीत, चवीसाठी येतात. पाटी बघून मसाला जास्त घेतला तर पुढच्या महिन्यात तेवढा कमी घेतील. मसाल्याला काय, जेवणात चमचे वाढणार आहेत का?

वजनकाटा
ठाकुर्लीकर, हा आक्षेप वजनदार आहे. मसाला, पापड अशा टिकणाऱ्या मालात बऱ्याचदा पुढच्या महिन्याचीच खरेदी पुढे ओढली जाते. चटणी-लोणच्यात थोडं वेगळं, घरात दोन तऱ्हा असल्या की दोन्ही संपतात. पण खात्रीने सांगायचं तर त्याच गिऱ्हाईकाची पुढची फेरी किती दिवसांनी झाली ते बघावं लागेल. बिलावर फोन नंबर लिहिता का?

उखळ_मुसळ
नाही हो. नंबर विचारला की इथे लोक म्हणतात 'कशाला, लोन देताय का?'

शेजारीण
😂😂

करडई
कॉम्बोवर कोणी बोलेना म्हणून लिहिते. मी नाशकात हातसडीच्या डाळी-पोह्यांचं छोटं दुकान चालवायची (आता बंद केलंय, कारण वेगळं). बिलबुकात बघितलं तर जाडे पोहे आणि शेंगदाणे बरेच जण एकत्र न्यायचे. म्हटलं झकास जोडी आहे, एकत्र बांधून दहा रुपये कमी करू. कॉम्बो धडाधड खपला. तीन महिन्यांनी उमगलं, की जे तसेही दोन्ही नेत होते तेच घेतायत, फक्त दहा रुपये कमी देऊन.

वजनकाटा
करडई, तुम्ही नेमकी ती चूक सांगितली जी जवळपास सगळे करतात. ताईंच्या मालावर मांडतो. भाजणी ९५ आणि शेंगदाणा चटणी ८०, मिळून १७५. कॉम्बो १६० ला ठेवला. नुसती भाजणी नेणारी बाई आता कॉम्बो घेते, तिच्यामागे साडेअठ्ठावीसच्या जागी साडेसदतीस सुटतात. नऊ रुपये जास्त. पण जी आधीच दोन्ही नेत होती तिच्यामागे पंधरा गेले. म्हणजे एका जुन्या जोडीवालीची भरपाई करायला जवळजवळ दोन नव्या लागतात.

म्हणून बिलबुकात बघायचं ते उलटं. घरात ताटात एकत्र येतात पण बिलात एकत्र येत नाहीत, अशा वस्तू शोधायच्या. बिलात आधीच एकत्र असलेल्यांना हातसुद्धा लावायचा नाही.

उखळ_मुसळ
हे भारी आहे! आमच्याकडे भाजणी नेणाऱ्यांत लोणचं फार कमी जण नेतात, का कोण जाणे. आणि मेतकूट नेणारे पापड नेत नाहीत. खरं तर गुरगुट्या भात, मेतकूट आणि भाजलेला पापड, याच्यासारखं दुसरं काय आहे पावसात?

ठाकुर्लीकर
वर साजूक तूप. कृपया.

निवृत्त_कारकून
आणि लिंबाचं जुनं लोणचं. मुरलेलं, काळं पडलेलं. आमच्या आईच्या बरणीत सात वर्षांचं असायचं, ताप आला की तेच.

शेजारीण
काकांचा पहिला प्रतिसाद ज्यात तक्रार नाही. नोंद घ्यावी.

(पुढचे काही प्रतिसाद मऊभातात तूप आधी की मेतकूट आधी यावर गेले.)

करडई
अजून एक. न खपणारा माल खपणाऱ्याबरोबर बांधायचा मोह होतो. माझ्याकडे नाचणीचे पोहे पडून होते, ते चांगल्या जाड्या पोह्यांबरोबर बांधले. बायका पिशवी हातात घेऊन म्हणायच्या, 'हे काढून फक्त ते द्या, आणि तेवढे कमी करा.' कॉम्बोतला चांगला भावच सगळ्यांना हवा, सोबतचा पाहुणा नको. एक तर स्पष्ट म्हणाली, 'जुना झालाय का माल?' त्यानंतर चांगल्या पोह्यांवरचाही तिचा विश्वास डळमळला.

टॅली_ताई
माझ्या जीएसटीच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही.

वजनकाटा
देतो ताई, राहून गेलं. १८ सरसकट नाही. वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या तर त्यातल्या सर्वात जास्त दराच्या वस्तूचा दर पूर्ण गठ्ठ्याला लागतो. तुमच्या पार्टीच्या हॅम्परमध्ये १८ वाली एखादी वस्तू असणार. पापडाला जीएसटी नाही, मसाल्याला ५ टक्के. एका किमतीत बांधले तर पापडासकट सगळ्याला ५. बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहून प्रत्येकीवर सूट दाखवली तर हा प्रश्नच येत नाही.

आणि ताईंची उलाढाल त्यांच्याच आकड्यांवरून सव्वीस-सत्तावीस लाखांची दिसते. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे. त्यामुळे आज त्यांना हे लागूच नाही. त्यांनी काळजी करायची ती वेष्टनाची. पिशवीत तीन वस्तू घालून शिवली आणि वर एकच किंमत चिकटवली, की कायद्याने ते नवं पाकीट झालं. त्यावर कमाल किंमत, वजन, तारीख, पत्ता सगळं लागतं. तेव्हा बांधूच नका. शेजारी शेजारी मांडा आणि पाटी लावा.

टॅली_ताई
बरोबर, त्या हॅम्परमध्ये परफ्युम होतं. पण वेगळ्या ओळी लिहिल्या तरी अधिकाऱ्याने विचारलं तर?

वजनकाटा
गिऱ्हाईकाला त्यातली एकच वस्तू सुटी घेता येत असेल तर उत्तर सोपं आहे. येत नसेल तर तुमच्या सीएला विचारा, मी धाग्यावर छातीठोक सांगणार नाही.

पुस्तकी_किडा
तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ का? ९९ वर खरंच प्रयोग झालेले आहेत. अँडरसन आणि सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोघा प्राध्यापकांचा २००३ चा निबंध प्रसिद्ध आहे. टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगच्या वेगवेगळ्या प्रती छापल्या आणि बायकांचा तोच ड्रेस कुणाला ३४ डॉलर, कुणाला ३९, कुणाला ४४ ला दाखवला. सर्वात जास्त खपला तो ३९ चा, ३४ पेक्षाही जास्त. म्हणजे ९ वर संपणारी किंमत नुसती स्वस्त वाटते म्हणून नाही, तिच्यात 'चांगला सौदा' असा वास येतो.

डिजिटल_दादा
बघा! सगळीकडे ९९ करून टाका ताई.

पुस्तकी_किडा
थांबा दादा, पुढचं वाचा. तो परिणाम कॅटलॉगात नव्याने आलेल्या वस्तूंवर जास्त दिसला. आणि शेजारी 'सेल' असं लिहिलेलं असेल तर कमी झाला. म्हणजे ज्या वस्तूचा भाव माणसाला माहीत नाही तिथे हे चालतं. कराडातल्या काकूंना कांदा-लसूण मसाल्याचा भाव पाठ आहे. त्यांना १३९ दाखवलं तर त्या म्हणणार, 'एक रुपया कमी केला होय गं?'

वजनकाटा
सहमत. आणि १४० चं १३९ केल्याने डावीकडचा आकडा एकच राहतो, शंभरचा. २०० चं १९९ केलं तर नजर वेगळं वाचते. फरक पडला तर तिथे.

पण छोट्या दुकानाने ९९ कडे उलट्या बाजूने बघावं. ताई, तुमची भाजणी ९५ ला आहे. ती ९९ केली तर? वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही 'शंभरच्या आत'. तुम्हाला पाकिटामागे साडेअठ्ठावीस सुटत होते, ते साडेबत्तीस होतील. सूट नाही, कॉम्बो नाही, काही नाही. फक्त नवी छपाई नव्या मालावर, जुन्या छापील पाकिटांवर जुनाच भाव.

उखळ_मुसळ
चार रुपये वाढले की लक्षात येतं हो. इथे लोक तूरडाळीचा भाव रोज सांगू शकतात. आणि एक रुपया सुटा कुठून आणायचा? निम्मे जण फोनवरून पैसे देतात, पण निम्मे रोखच देतात.

निवृत्त_कारकून
एक रुपयाऐवजी गोळी देणाऱ्या दुकानदाराला मी एकदा धडा शिकवला होता. वर्षभर गोळ्या साठवल्या आणि एके दिवशी चौदा रुपयांच्या बिलाला चौदा गोळ्या काउंटरवर ठेवल्या. घेतल्या नाहीत त्याने. पण त्यानंतर सुटे देतो.

फिरस्ता
काका, तुम्ही या धाग्याचे हिरो आहात.

साडीवाला
९९ चं एक सांगतो. आहेराच्या साडीला तो आकडा चालत नाही. ९९९ ची साडी स्वतःला घेतात, आहेराला 'एक हजार एक' म्हटलं तर जास्त बरं वाटतं. मी आहेराच्या साड्यांचा वेगळा कप्पा केला आणि भाव ५०१, ७५१, १००१ असे लावले. कोणी कुरकुर केली नाही. ताई, तुम्ही डोहाळजेवण, वास्तुशांती, गौरींच्या ओटीला द्यायच्या पेट्या करत असाल तर तिथे २५१ लावून बघा. तिथे स्वस्त वाटण्यापेक्षा शकुन महत्त्वाचा.

शेजारीण
हे अगदी खरं. माझ्या सासूबाई पाकिटावर शून्यात संपणारा आकडा पाहिला तर आधी नाणं शोधतात.

ठाकुर्लीकर
मला अजूनही वाटतं की घरगुती मालाला ९९ शोभत नाही. ९९ म्हटलं की बाटाची चप्पल आठवते. सरळ शंभर लिहा, माल चांगला आहे असं वाटतं.

डिजिटल_दादा
हे तुमचं वैयक्तिक मत झालं.

ठाकुर्लीकर
हो. गिऱ्हाईक आहे मी, माझं मत वैयक्तिकच असणार. :)

उखळ_मुसळ (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय, सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं म्हणून.

१० टक्केवाली पाटी गेली. २५० च्या बिलावर कारळ्याच्या चटणीची वीस ग्रॅमची पुडी दिली, आम्हाला पाच रुपयांना पडते. कारळ्याची निवडली कारण ती आमच्याकडे पडून राहते, इथल्या नव्या मुलींना माहीतच नसते. भाजणीच्या फळीवर लोणचं आणून ठेवलं, भाव कमी न करता. काउंटरवर २० रुपयांचे जिऱ्या-मिऱ्याचे लहान पापड ठेवले, पंधरा-वीस कमी पडत असतील तर हाताशी असावं म्हणून. भाजणी ९९ ला अजून नाही केली. धीर होत नाही.

एकूण ६४० बिलं झाली. २५० च्या वर १५१ गेली. पूर्वीच्या हिशेबाने ११२ जायला हवी होती, म्हणजे ३९ जास्त. प्रत्येकी सरासरी ६५ चा जास्त माल धरला तर २,५३५ रुपये, त्यात सुटले ७६०. पुड्यांचा खर्च १५१ गुणिले ५ म्हणजे ७५५.

तर मंडळी, तीन आठवड्यांचा निव्वळ फायदा रुपये पाच फक्त.

फिरस्ता
पार्टी कुठे?

उखळ_मुसळ
पण कारळ्याची मोठी पाकिटं २२ गेली! त्याआधीच्या तीन आठवड्यांत सहा गेली होती. सोळा पाकिटं जास्त, सत्तरच्या पाकिटाला २१ सुटतात, म्हणजे ३३६. जाऊबाई म्हणतात हाच खरा फायदा.

करडई
त्या २२ मधली काही पाकिटं त्याच २५० च्या वरच्या बिलांत असतील तर दोनदा मोजताय.

उखळ_मुसळ
अरे हो! बघते पुन्हा. आणि अजून एक घोळ आहे. या तीन आठवड्यांत गणपती येऊन गेले. माहेरवाशिणी, चाकरमानी, सगळेच आले. वाढलेली ३९ बिलं पुडीमुळे की गणपतीमुळे, कोणास ठाऊक.

वजनकाटा
म्हणूनच आधीच्या महिन्याशी तुलना करू नये. आता असं करा, एक आठवडा पुडी, एक आठवडा नाही, पुन्हा पुडी. पाटी सोमवारी लावायची, रविवारी रात्री काढायची. असे सहा आठवडे, आणि पितृपक्ष त्यातून वगळा, कारण तेव्हा तुमची बिलं वेगळीच असतील. वरच्या गठ्ठ्यांसारखे गठ्ठे दर आठवड्याला पाडा. भाजणीच्या शेजारी लोणचं ठेवलंत त्याचं काय झालं?

उखळ_मुसळ
तेच सांगायचं राहिलं. आधीच्या दोनशे बिलांत भाजणीबरोबर लोणचं फक्त चार वेळा होतं. आता ६४० मध्ये ३१ वेळा. एक पैसा कमी केला नाही, नुसती बरणी उचलून तीन फूट अलीकडे ठेवली.

वजनकाटा
दोनशेला चार म्हणजे ६४० ला तेरा. तुमची ३१ झाली. अठरा बरण्या, फुकटात. गणपतीचा वाटा त्यातही असेल, पण ही राहू द्या तिथेच.

डिजिटल_दादा
क्रॉस सेलिंग म्हणतात याला. मी म्हणणारच होतो.

शेजारीण
दादा. 😄

उखळ_मुसळ
आणि काल एक आजी आल्या. २६० चं बिल झालं, मी पुडी दिली. पुडी परत करून म्हणतात, 'ही नको गं, कारळं मला पित्ताला चालत नाही. पाच रुपये कमी कर.' तुम्हाला पाच हा आकडा कुणी सांगितला, आजी?

निवृत्त_कारकून
केलेत का कमी?

उखळ_मुसळ
केले काका. काय करणार.

ठाकुर्लीकर
ताई, अवांतर आहे, पण भाजणी कुरिअरने ठाकुर्लीला पाठवता का? आणि ९९ करायच्या आत दोन किलो बाजूला काढून ठेवा.